नकाशा कागदावर नीट उतरवताना : नेरळ ते खोपोली, एक ए-थ्री पान



भूगोलाच्या पुस्तकात नकाशाची अंगे आपण दरवर्षी शिकवतो. शीर्षक, दिशा, प्रमाण, सूची. मुलं ती पाठ करतात, पेपरात लिहितात आणि गुणही मिळवतात. पण स्वतःच्या परिसराचा नकाशा संगणकावर तयार करून छापायची वेळ येते, तेव्हा याच चार गोष्टी आपल्याला चकवतात. मला तरी चकवलं. म्हणून आधी माझी फजिती सांगतो, मग नकाशाचं पान कसं मांडायचं ते पायरी पायरीने बघू.

नऊ किलोमीटर की चौदा?

वर्गासाठी मी नेरळ, कर्जत, खालापूर, खोपोली हा पट्टा दाखवणारा नकाशा केला होता. मोजायला सोपं म्हणून प्रमाण १ : १,००,००० ठेवलं, म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर बरोबर जमिनीवरचा एक किलोमीटर. पान ए-थ्री आकाराचं होतं. छापणाऱ्याकडे त्या दिवशी ए-थ्री कागद नव्हता. त्याने तीच फाईल ए-फोरवर "बसवून" दिली. नकाशा सुंदर दिसत होता, मीही खूश.

दुसऱ्या दिवशी मुलांना नेरळ स्टेशन ते कर्जत स्टेशन अंतर मोजायला सांगितलं. फूटपट्टीवर नऊ सेंटिमीटर आले. मुलांनी वहीत लिहिलं, "नऊ किलोमीटर". तेवढ्यात रोज नेरळहून लोकलने येणारी एक मुलगी म्हणाली, "सर, मध्ये भिवपुरी आहे ना, गाडीने चौदा किलोमीटर होतात. पाच कुठे गेले?"

प्रश्न अगदी योग्य होता. रेल्वेमार्ग थोडा वळणाचा आहे, त्यामुळे सरळ रेषेतलं अंतर चौदापेक्षा कमी येणारच. ते सुमारे १२.८ किलोमीटर आहे, म्हणजे वळणांचा फरक सव्वा किलोमीटरच्या आसपास. बाकीचे जवळजवळ पावणेचार किलोमीटर छपाईत हरवले होते. ए-थ्रीचं पान ए-फोरवर बसवलं की प्रत्येक लांबी सुमारे ७१ टक्के होते. १२.८ सेंटिमीटरचे ९ झाले. नकाशाच्या कोपऱ्यात मात्र "१ : १,००,०००" हे शब्द तसेच होते. कागद आकसला, पण आकड्याला ते कळलं नाही. त्या कागदाचं खरं प्रमाण साधारण १ : १,४१,००० झालं होतं.

रेषाप्रमाण, म्हणजे प्रमाणपट्टी, मी त्या पानावर टाकलीच नव्हती. "आकडा लिहिलाय की" असं म्हणून सोडून दिली होती. ती असती तर तीही नकाशाबरोबर ७१ टक्के झाली असती आणि मुलांनी कागदाच्या कडेवर खुणा करून तिच्यावरून मोजलं असतं, तर उत्तर बरोबर आलं असतं. पुस्तकात आपण शब्दप्रमाण, अंकप्रमाण आणि रेषाप्रमाण असे तीन प्रकार शिकवतो. छापील नकाशासाठी त्यातला फरक एवढाच लक्षात ठेवा : पान लहानमोठं झालं तर पहिली दोन खोटी पडतात, तिसरं खरं राहतं.

आधी कागद, मग प्रमाण

बहुतेक जण आधी नकाशा सजवतात आणि शेवटी कागद निवडतात. उलट करायचं. कागद किती मोठा, त्यावर किती किलोमीटर बसवायचे, आणि त्यातून प्रमाण कोणतं येतं, हा हिशोब पाटीवर आधी करायचा.

आपल्या पट्ट्याचं उदाहरण घेऊ. नेरळ ते खोपोली उत्तर-दक्षिण अंतर सुमारे साडेसव्वीस किलोमीटर आहे. दोन्ही टोकांना थोडी मोकळी जागा हवी, म्हणजे निदान ३० किलोमीटर धरू.

१ : ५०,००० प्रमाण घेतलं तर एक किलोमीटरला दोन सेंटिमीटर, म्हणजे ६० सेंटिमीटर उंचीचा नकाशा. ए-टू कागदसुद्धा ५९.४ सेंटिमीटर उंच असतो, त्यामुळे बसत नाही. १ : १,००,००० घेतलं तर ३० सेंटिमीटर लागतात. ए-थ्री कागद २९७ बाय ४२० मिलिमीटरचा असतो, उभा ठेवला तर आरामात बसतो. ए-फोर म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटर. त्यावर हेच क्षेत्र हवं असेल तर १ : १,५०,००० घ्यावं लागतं, म्हणजे एक सेंटिमीटरला दीड किलोमीटर.

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १ : ५०,००० च्या नकाशांनाही हीच अडचण आहे. त्यांचं एक पान पंधरा मिनिटं अक्षांश बाय पंधरा मिनिटं रेखांश एवढंच दाखवतं. जुन्या क्रमांकांप्रमाणे कर्जत आणि खोपोली ४७ एफ/५ या पानावर येतात, पण नेरळ १९ अंश अक्षांशाच्या वर असल्यामुळे ४७ ई/८ या वरच्या पानावर जातं. आपल्या रोजच्या लोकलचा प्रवास दोन पानांवर तुटतो. म्हणून सलग एक पान स्वतः मांडण्याला अर्थ आहे.

ए-फोर आणि ए-थ्री दोन्ही लागणार असतील तर दोन वेगळी पानं मांडा. ए-थ्रीचं छोटं करून ए-फोर करू नका. प्रमाण बिघडतंच, शिवाय ८ पॉइंटची अक्षरं साडेपाच पॉइंटची होतात आणि मागच्या बाकावर वाडीचं नाव कुणालाच वाचता येत नाही.

मोजमापाची पद्धत : EPSG:32643

मी QGIS हे मोफत सॉफ्टवेअर वापरतो. त्यात नकाशा उघडल्यावर खाली उजव्या कोपऱ्यात EPSG आणि एक आकडा दिसतो. तिकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही, आणि मोठी चूक तिथेच लपलेली असते.

पृथ्वी गोल, कागद सपाट. गोलावरचं सपाटावर आणायच्या वेगवेगळ्या पद्धती आहेत आणि त्यांचे हे क्रमांक आहेत. तुम्ही सगळ्यात आधी OpenStreetMap चा पार्श्वभूमीचा नकाशा उघडला तर बहुधा EPSG:3857 लागतं. वेबवरच्या नकाशांसाठी ही पद्धत सोयीची आहे, पण विषुववृत्तापासून लांब जावं तसं ती अंतरं ताणते. आपल्या अक्षांशावर हा ताण साडेपाच टक्क्यांहून थोडा जास्त आहे. म्हणजे १ : १,००,००० असं प्रमाण दिलं तरी नेरळ-कर्जत १२.८ ऐवजी साडेतेरा सेंटिमीटर येतं.

EPSG:4326 असेल तर वेगळीच गंमत. त्यात एक अंश अक्षांश आणि एक अंश रेखांश सारख्याच लांबीचे काढले जातात. प्रत्यक्षात आपल्याकडे एक अंश अक्षांश सुमारे ११०.७ किलोमीटर, तर एक अंश रेखांश सुमारे १०५ किलोमीटर आहे. त्यामुळे सगळा तालुका आडवा फुगल्यासारखा दिसतो. नुसत्या डोळ्यांना ते कळत नाही, पण पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण मोजमापं एकमेकांशी जुळत नाहीत.

आपल्यासाठी योग्य क्रमांक EPSG:32643. हा ७२ ते ७८ अंश पूर्व रेखांशांमधला उत्तर गोलार्धातला पट्टा आहे, आणि कर्जत-खालापूर ७३ अंशांच्या थोडं पुढे असल्याने त्यात बसतात. यात सगळं मीटरमध्ये मोजलं जातं आणि आपल्या जागी चूक इतकी कमी असते की फूटपट्टीला ती दिसणारच नाही. कोपऱ्यातल्या आकड्यावर क्लिक करा, शोधपेटीत 32643 लिहा, निवडा, झालं.

पान मांडणे

आता Project मेनूमधून New Print Layout घ्या. कोरं पान उघडेल. ते आपोआप आडवं ए-फोर असतं. पानावर उजवं क्लिक करून Page Properties उघडा आणि Size मध्ये A3, Orientation मध्ये Portrait करा. हे आत्ताच करायचं. सगळं मांडून झाल्यावर कागद बदलला तर चौकटी जिथल्या तिथे राहतात आणि पान विस्कटतं.

मग Add Map घेऊन एक चौकट ओढा. हाताने अंदाजे ओढली तरी चालेल, कारण Item Properties मधल्या Position and Size मध्ये नेमके आकडे देता येतात. माझे आकडे असे : डावीकडून १० मिलिमीटर, वरून ३०, रुंदी २७७, उंची ३३०. वरच्या पट्टीत शीर्षक येतं, खाली पन्नास मिलिमीटरची पट्टी सूची आणि प्रमाणपट्टीसाठी उरते. चारही कडांना दहा मिलिमीटर सोडणं गरजेचं आहे, कारण बहुतेक प्रिंटर कागदाच्या अगदी कडेपर्यंत छापत नाहीत.

त्याच ठिकाणी Scale च्या पेटीत 100000 लिहा. आता या चौकटीत २७.७ किलोमीटर रुंद आणि ३३ किलोमीटर उंच मुलूख दिसेल. कर्जतच्या थोडं दक्षिणेला मध्य धरला की नेरळ आणि खोपोली दोन्ही आत येतात. लक्षात ठेवा, हे दोन्ही तालुके पूर्ण नाहीत. पश्चिमेकडचा काही भाग बाहेर राहतो. म्हणून शीर्षकात "कर्जत व खालापूर तालुके" असं न लिहिता "नेरळ ते खोपोली परिसर" लिहावं. जे पानावर नाही त्याचं नाव शीर्षकात नको.

एक सावधानता. यानंतर माऊसचं चाक फिरवून नकाशा लहानमोठा केलात तर प्रमाण 97342 असं काहीतरी विचित्र होऊन बसतं. छापण्याआधी ती पेटी पुन्हा एकदा बघा.

प्रमाणपट्टी

Add Scale Bar घेऊन खालच्या पट्टीत ओढा. Item Properties मध्ये एकक Kilometers करा. Fixed width मध्ये 2 द्या, Segments मध्ये डावीकडे 0 आणि उजवीकडे 5. म्हणजे दोन-दोन किलोमीटरचे पाच खण, एकूण दहा किलोमीटर. गोल आकडे ठेवा. पट्टीवर ०, १.७, ३.४ असे आकडे आले तर मुलं काय मोजणार?

आता एक साधी परीक्षा आहे. १ : १,००,००० प्रमाणावर दहा किलोमीटरची पट्टी कागदावर बरोबर दहा सेंटिमीटर यायला हवी. साडेदहाच्या वर आली तर मोजमापाची पद्धत चुकली आहे, बहुधा 3857 राहिली आहे. ७ सेंटिमीटर आली तर ए-थ्रीचं ए-फोर झालं आहे. साडेसहाच्या किंचित वर आली तर प्रिंटरच्या सेटिंगमध्ये कागद Letter राहिला आहे. हा अमेरिकी आकार २१६ बाय २७९ मिलिमीटरचा असतो. ए-फोरचं पान त्यात बसवताना ९४ टक्के होतं, आणि बऱ्याच प्रिंटरमध्ये तो मुळातच निवडलेला असतो. (ए-फोरचं १ : १,५०,००० पान असेल, तर दहा किलोमीटरची पट्टी ६.७ सेंटिमीटर हवी आणि Letter मुळे ती ६.३ होईल.) एकाच फूटपट्टीने चूक आहे हेही कळतं आणि कुठली आहे हेही.

उत्तर दिशेचा बाण

Add North Arrow ने बाण टाका. मी तो नकाशाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात ठेवतो, जिथे डोंगरभाग असतो आणि नावं कमी असतात. महत्त्वाचं म्हणजे Sync with Map ही खूण चालू हवी.

याचं कारण असं. आपला पट्टा उभा लांबट आहे. एखाद्याकडे आडवा फलक असतो, मग तो नकाशा फिरवून आडवा बसवतो. त्यात काही गैर नाही, रेल्वे आणि महामार्गाचे नकाशे असेच असतात. पण बाण नकाशाला जोडलेला नसेल, नुसतं चित्र म्हणून चिकटवलेला असेल, तर नकाशा फिरतो आणि बाण तसाच वर बोट दाखवत राहतो. मग माथेरान कर्जतच्या वायव्येला नसून ईशान्येला आहे असं मूल शिकतं.

तिथेच Grid north आणि True north असा पर्याय दिसतो. 32643 मधल्या उभ्या रेषा ७५ अंश रेखांशावरच खऱ्या उत्तरेला समांतर असतात. आपण त्याच्या पश्चिमेला आहोत, त्यामुळे आपल्याकडे खरी उत्तर पानाच्या उभ्या कडेपेक्षा साधारण अर्धा अंश उजवीकडे झुकते. पूर्ण नकाशाच्या उंचीवर हा फरक तीन मिलिमीटरच्या आसपास. वर्गासाठी कुठलाही पर्याय चालेल. पण एखाद्या चाणाक्ष मुलाने अक्षांश-रेखांशाच्या रेषा कडेला किंचित तिरप्या का, असं विचारलं तर उत्तर हेच.

सूची

Add Legend केलं की QGIS प्रकल्पातल्या सगळ्या थरांची यादी ओतून टाकतो. त्यात फाईलची नावं जशीच्या तशी येतात, "lines_final2" वगैरे. म्हणून Auto update ची खूण काढा आणि मग एकेक नाव मराठीत करा : रेल्वेमार्ग, महामार्ग, गावरस्ता, पायवाट, नदी, तालुका सीमा, गाव, वाडी. पानावर जी खूण दिसत नाही ती सूचीतून काढा. पानावर जी दिसते पण सूचीत नाही, ती घाला. मुलांकडून ही जुळणी करून घ्या, ती आपल्यापेक्षा जास्त चुका पकडतात.

दुसरी गोष्ट झेरॉक्सची. आपल्या शाळांमध्ये रंगीत पान एकच निघतं, बाकी सगळ्या काळ्या-पांढऱ्या प्रती. लाल महामार्ग, निळी उल्हास नदी आणि हिरवी सीमा झेरॉक्समध्ये तीन सारख्याच राखाडी रेषा होतात. मग सूची असून नसल्यासारखी. म्हणून फरक रंगावर सोडू नका. रेल्वेला आडव्या काड्या द्या, पायवाट तुटक ठेवा, सीमा रेघ-टिंब करा, महामार्ग जाड ठेवा. रंग त्यावर खुशाल द्या.

सूचीच्या खाली बारीक अक्षरात माहिती कुठून घेतली आणि नकाशा कधी केला हे लिहा. OpenStreetMap ची माहिती वापरली असेल तर © OpenStreetMap contributors हे श्रेय देणं बंधनकारक आहे. तारीख यासाठी की आपल्या भागात रस्ते भराभर बदलतात, आणि पाच वर्षांनी भिंतीवर हाच कागद लटकत असेल.

छापताना

Layout मेनूमधून Export as PDF करा. त्या वेळी अक्षरांबद्दल विचारतात, तिथे Always export text as paths ठेवा. नाहीतर दुसऱ्या संगणकावर जोडाक्षरं तुटतात आणि वेलांट्या भलतीकडे जातात. दुकानात पेन ड्राइव्ह देताना दोन वाक्यं सांगा : "कागद ए-थ्री, आणि Actual size वर काढा. Fit करू नका." तरीही पहिली प्रत हातात आली की तिथेच फूटपट्टी लावा. दहा सेंटिमीटर भरले तरच पुढच्या प्रती काढायला सांगा.

पट्टी जे सांगत नाही

शेवटी एक मर्यादा, कारण बरोबर छापलेला नकाशाही चुकीचा वाचता येतो. नेरळ ते माथेरान सरळ रेषेत या पानावर सात सेंटिमीटर भरतात, म्हणजे सात किलोमीटर. १९०७ साली सुरू झालेली छोटी गाडी तिथे पोचायला सुमारे २१ किलोमीटर वळणं घेत चढते. पट्टी सरळ आणि सपाट अंतर सांगते. वळण आणि चढ तिच्यात नाही.

खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली, तेव्हा वाडीपर्यंत गाडीचा रस्ता नव्हता आणि मदतीला निघालेल्यांना पावसात डोंगर पायी चढावा लागला. कागदावर असं अंतर बोटाच्या पेराएवढं दिसतं. म्हणून वाड्यांच्या पायवाटा नकाशावर टाकताना माझी मुलं आता आणखी एक गोष्ट करतात. ज्यांना ती वाट माहीत आहे त्यांना विचारून, पायवाटेच्या तुटक रेषेजवळ चालायला लागणारी मिनिटं लिहितात. सूचीत त्यासाठी एक ओळ वाढवली आहे : "कडेचा आकडा : पायी चढायला लागणारा वेळ, मिनिटांत."

आणि ती नेरळची मुलगी? नवं पान आलं तेव्हा तिनेच पहिली फूटपट्टी लावली. १२.८ आले. मग दोऱ्याने रेल्वेमार्गाची वळणं मोजली आणि तो दोरा प्रमाणपट्टीवर सरळ धरला. "आता चौदाच्या जवळ आलं, सर," म्हणाली.